काकांचा व्हिडिओ गेम जुन्या टीव्हीवर पुन्हा सुरू करताना

इंदूरच्या रामबागेतल्या एका घराचं उदाहरण घेऊ. काका जाऊन काही वर्षं झाली आहेत. माळ्यावर त्यांचा नव्वदच्या दशकातला व्हिडिओ गेम आणि वीस इंची रंगीत टीव्ही तसाच पडून आहे. पुतण्या नववीत आहे आणि त्याला हा गेम त्याच टीव्हीवर चालवायचा आहे. खोक्यात गेमची पेटी, काळा जड अडॅप्टर, दोन रिमोट, एक बंदूक आणि तीन कॅसेट आहेत. टीव्हीचा रिमोट हरवला आहे आणि मागे एव्हीचे पिवळे-पांढरे सॉकेट नाहीत, फक्त अँटेनाचं एक भोक आहे.

त्या काळात आपल्याकडे घरोघरी असलेले हे गेम बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. साठ पिनांची कॅसेट, आत पाच व्होल्टवर चालणारी एक-दोन मोठी चिप, आणि टीव्हीला जोडायला अँटेनाची वायर. रचना साधी असल्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिलेली पेटीही बऱ्याचदा चालू होते. ती कायमची जाते ती मुख्यतः पहिल्या पाच मिनिटांत, चुकीचा अडॅप्टर लावल्यामुळे. म्हणून खोकं उघडलं की लगेच सगळं जोडायचं नाही. आधी फोटो काढायचे. कुठली वायर कुठे होती, पेटीच्या मागचा छोटा स्विच कुठल्या बाजूला होता आणि कॅसेटवर काय लिहिलं होतं हे सगळं फोटोत यायला हवं. या मुलाच्या एका कॅसेटच्या पाठीवर काकांनी बॉलपेनने आकडे लिहून ठेवले होते. एका कॅसेटमध्ये शंभर गेम असल्याचा दावा असे आणि त्यात तेच तेच पुन्हा येत. आवडते गेम कुठल्या क्रमांकावर आहेत त्याची ती यादी होती. असं स्टिकर असेल तर त्याला ओलं काहीही लावू नका, स्पिरिटने बॉलपेनची शाई पसरते. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकली की पुरे.

आधी टीव्ही, तोही एकटा

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचं बहुतेक वजन पुढच्या काचेत असतं. माळ्यावरून उतरवताना काच स्वतःच्या छातीकडे धरायची, आणि दोघांनी मिळून उतरवायचा. वीस इंची टीव्ही शाळकरी मुलाने एकट्याने शिडीवरून आणायचा नसतो. मागे निघालेली नळी नाजूक असते, ती कशावरही आपटता कामा नये.

पावसाळा नुकताच संपला असेल तर टीव्ही दोन दिवस पंख्याखाली ठेवा. आत दमट धूळ बसलेली असते आणि वीस हजार व्होल्टच्या आसपासचा दाब त्या धुळीतून वाट शोधतो. तडतड आवाज आणि जळकट वास येतो तो यामुळेच. मागच्या जाळीवरची धूळ बाहेरूनच ब्रशने काढा. झाकण मात्र काढायचं नाही. प्लग काढल्यानंतरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे सव्वातीनशे व्होल्ट राहू शकतात आणि ट्यूबच्या काचेत त्याहून कितीतरी जास्त. हे काम टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाचं आहे. इंदुरात महाराणी रोड आणि जेल रोडच्या भागात विचारत गेलं तर ट्यूबवाला टीव्ही हाताळलेला जुना मेकॅनिक अजून सापडतो.

दोन दिवसांनी गेम न जोडता फक्त टीव्ही लावा आणि प्लगजवळ उभे राहा. सुरुवातीला ‘धप्प’ असा आवाज येतो. पडद्यावरचं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा तो आवाज आहे, घाबरायचं कारण नाही. मग पंधरा किलोहर्ट्झच्या थोडी वर अशी बारीक शिट्टी ऐकू येते. मुलांना ती स्पष्ट ऐकू येते, वय वाढलं की कान तो स्वर सोडतात. त्यामुळे मुलगा म्हणेल, “काकू, तुला ऐकू येतंय का?” आणि काकू नाही म्हणतील, आणि दोघांचंही बरोबर असेल. पडद्याजवळ हात नेल्यावर केस उभे राहिले की ट्यूबला मोठा दाब मिळतोय. अर्ध्या-एक मिनिटात पडद्यावर मुंग्या दिसायला हव्यात.

तीन लक्षणं दिसली तर लगेच प्लग काढायचा. एक, ‘टिक-टिक-टिक’ आवाज सुरू राहतो पण पडदा उजळत नाही. पॉवर सप्लायला पुढे कुठेतरी शॉर्ट सापडतोय आणि तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करून थांबतोय, असा त्याचा अर्थ. दोन, पूर्ण चित्राऐवजी मधोमध एकच झगझगीत आडवी रेष. चित्र वर-खाली पसरवणारा भाग गेलाय, आणि ती रेष तशीच राहू दिली तर ट्यूबचा लेप तिथे कायमचा जळतो. तीन, जळका किंवा सडलेल्या मासळीसारखा वास. कपॅसिटर फुटून त्यातलं द्रव बाहेर आलं की तो येतो. कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवट डाग दिसला तर ते बिघाडाचं लक्षण नाही, जवळ ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकाचा तो परिणाम असतो. स्पीकर दूर करा, टीव्ही वीस मिनिटं पूर्ण बंद ठेवा आणि पुन्हा लावा. मधल्या वेळात आतला एक भाग थंड व्हावा लागतो, नाहीतर ती कॉइल दुसऱ्यांदा काम करत नाही. दोन-तीन वेळा असं केल्यावर डाग जातो.

अडॅप्टर: इथे घाई नको

पेटीच्या आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, बहुधा एका ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने लावलेला. अडॅप्टरकडून आलेल्या नऊ व्होल्टचे तो पाच करतो. त्याला नीट काम करायला आत किमान सात-साडेसात व्होल्ट लागतात. उरलेला दाब तो उष्णतेत घालवतो. पेटी साधारण ०.४ अँपिअर घेते असं धरलं, तर नऊ व्होल्टवर चार व्होल्ट गुणिले ०.४ म्हणजे १.६ वॉट उष्णता होते. आजकाल घरोघरी मिळणारा सीसीटीव्हीचा बारा व्होल्टचा अडॅप्टर लावला तर हीच उष्णता २.८ वॉट होते. पेटी चालते, पण ती छोटी पट्टी हात लावू देत नाही इतकी तापते आणि अर्ध्या तासात गेम अडकायला लागतो. म्हणून नऊच व्होल्ट घ्या.

दाबापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिनची दिशा. अडॅप्टरच्या गोल पिनमध्ये आतला भाग एक टोक आणि बाहेरची नळी दुसरं टोक. फॅमिकॉमच्या मूळ अडॅप्टरमध्ये आतला भाग ऋण होता, आजच्या जवळजवळ सगळ्या अडॅप्टरमध्ये तो धन असतो, आणि नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. उलट पिन लावली आणि आत वीज एकाच दिशेने जाऊ देणारा संरक्षक डायोड नसेल तर रेग्युलेटर जातो, आणि त्याच्या मागोमाग चिपही जाऊ शकते. अशी चिप आता सुटी मिळणं कठीण आहे.

तपासायला दोनतीनशे रुपयांचा मल्टिमीटर चालतो. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनच्या आत आणि काळं बाहेर लावा. आकडा साधा आला तर आतला भाग धन, आकड्यापुढे उणे आलं तर ऋण. ही झाली अडॅप्टरची बाजू. पेटीला काय हवंय हे पाहायला तिचे खालचे स्क्रू उघडा. अडॅप्टर काढलेला असेल तर पेटीत धोकादायक असं काही नसतं, टीव्हीच्या अगदी उलट. ७८०५ची छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय आत येणारा दाब, मधला ऋण म्हणजे ग्राउंड, उजवा बाहेर जाणारे पाच व्होल्ट. मीटर ‘बीप’वर ठेवून एक टोक मधल्या पायाला आणि दुसरं पेटीच्या सॉकेटमधल्या कडीला लावा, मग मधल्या खुंटीला लावा. जिथे बीप वाजतो ती ऋण बाजू. दोन्हीकडे बीप नसेल तर मध्ये चार डायोडचा पूल असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर दिशेचा प्रश्नच उरत नाही.

या मुलाच्या बाबतीत दोन्हीकडे आतला भाग ऋण निघाला, म्हणजे अडॅप्टर याच पेटीचा होता. त्यावर ‘९ व्होल्ट ५०० मिलिअँपिअर’ छापलं होतं आणि मीटरवर मात्र १३.४ आले. यात बिघाड नाही. आत ट्रान्सफॉर्मर असलेला जुना जड अडॅप्टर मोकळा असताना असाच जास्त दाखवतो आणि पेटी जोडली की खाली येतो. खरी मोजणी पेटी चालू असताना करायची: ७८०५च्या मधल्या आणि उजव्या पायांत ४.८ ते ५.२ व्होल्ट हवेत आणि आकडा हलता कामा नये. टोकं लावताना शेजारच्या दोन पायांना एकदम स्पर्श होऊ देऊ नका.

कॅसेट

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सगळ्यांनाच होती. फुंकरीतून ओलावा जातो आणि वर्षानुवर्षं तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो. हा थर पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने काढा, भुकटी ब्रशने झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवरून फिरवा. बड काळा येणं थांबेपर्यंत बदलत राहा. पॉलिश पेपर वापरू नका, पट्ट्यांवरचा पातळ मुलामा एकदा गेला की गंज दर महिन्याला परत येतो. पेटीच्या खाचेत बड जात नाही. तिथे स्वच्छ केलेली कॅसेट अल्कोहोलने जराशी ओली करून चार-पाच वेळा आतबाहेर करायची आणि दहा मिनिटं वाळू द्यायची. कॅसेट घालताना-काढताना पेटी बंद असलीच पाहिजे.

कुठली पिन लागत नाहीये हे पडद्यावरून कळतं, कारण कॅसेटमध्ये गेमचा प्रोग्राम एका चिपमध्ये आणि चित्रांचे तुकडे दुसऱ्या चिपमध्ये असतात आणि दोन्हींच्या पिना वेगळ्या असतात. पडदा एकाच रंगाचा, आवाज नाही, काही हलत नाही: प्रोग्रामच पोचत नाहीये. संगीत नीट वाजतंय, बटण दाबल्यावर पुढेही जातंय, पण पडद्यावर अक्षरांचा आणि ठोकळ्यांचा काला झालाय: प्रोग्राम पोचतोय, चित्रांच्या पिना लागत नाहीत. दोन्हींत उपाय तोच, पुन्हा साफ करणं, पण दुसऱ्या प्रकारात पेटीची चिप चालू आहे ही खात्री मिळते आणि ती मोठी गोष्ट आहे.

काकांनी लावलेलं चॅनल शोधणं

आता पेटीची वायर टीव्हीच्या अँटेना सॉकेटमध्ये. अशी पेटी म्हणजे एक छोटं टीव्ही केंद्रच असते. आतला पत्र्याचा चौकोनी डबा, मॉड्युलेटर, चित्र आणि आवाज एका ठराविक लहरीवर चढवतो आणि टीव्हीला ती लहर पकडावी लागते.

इथे बहुतेक जण लगेच ऑटो सर्च लावतात. तो लावू नका. रिमोटवर चालणाऱ्या रंगीत टीव्हीत प्रत्येक क्रमांकाची ट्यूनिंग एका स्मृती-चिपमध्ये लिहिलेली असते आणि ती वीज नसतानाही वर्षानुवर्षं टिकते. काकांनी गेमसाठी जो क्रमांक लावला होता तो बहुधा अजून तिथेच आहे, आणि ऑटो सर्च सगळे क्रमांक पुसून नव्याने लिहितो. म्हणून पेटी चालू करा, साफ केलेली कॅसेट घाला, आणि टीव्हीच्या पुढच्या झाकणाखालच्या बटणांनी एकेक क्रमांक पुढे जा. प्रत्येक क्रमांकावर दोन-तीन सेकंद थांबा. फक्त पूर्ण चित्र शोधू नका, मुंग्या कमी होणं, पडदा अचानक गडद होणं किंवा आवाजातली खरखर बदलणं याकडेही लक्ष द्या.

रामबागेतल्या टीव्हीवर पहिले काही क्रमांक नुसत्या मुंग्यांचे होते. आठवर मुंग्या विरळ झाल्या आणि मागे तिरक्या, फाटलेल्या पट्ट्या हलताना दिसल्या. आठ नंबर काकांचाच. चित्र फाटलेलं होतं कारण मॉड्युलेटरची लहर वर्षांनुवर्षं थोडी थोडी सरकते. त्यातला कॉइल आणि कपॅसिटर म्हातारे होतात. अशा वेळी त्याच क्रमांकावर मेनूतून फाइन ट्यूनिंग घ्यायचं आणि एकेक पायरी दोन्ही दिशांना सरकवून बघायचं. आधी पेटी दहा मिनिटं चालू ठेवा, कारण गरम होताना लहर आणखी सरकते आणि थंड पेटीवर लावलेलं चॅनल थोड्या वेळाने बिघडतं. मॉड्युलेटरच्या डब्यातला स्क्रूसारखा दिसणारा भाग फिरवू नका. तो फेराइटचा असतो, लोखंडी पेचकसाने तडकतो, आणि पेचकस जवळ नेल्यानेच लहर बदलते त्यामुळे मापही चुकतं.

सगळे क्रमांक पाहूनही काही सापडलं नाही, तर एक रिकामा क्रमांक निवडून तिथे मॅन्युअल सर्च लावा. पडद्यावर VL, VH आणि U असे तीन पट्टे येतात, तिन्ही पूर्ण तपासा. सिग्नल नसताना तुमचा टीव्ही निळा पडदा दाखवत असेल तर मेनूतून तो निळा पडदा आधी बंद करा, नाहीतर कमजोर चित्र त्यामागे लपून राहतं. टीव्हीला एव्ही सॉकेट असेल तर हे सगळं टाळून पिवळ्या वायरने थेट चित्र घेता येतं आणि ते जास्त स्वच्छ दिसतं. रिमोट नसल्यास बऱ्याच टीव्हींत शून्य किंवा एक क्रमांकाच्या खाली गेलं की एव्ही लागतं.

चित्र स्वच्छ आणि आवाजाच्या जागी फक्त खरखर, असं झालं तर फाइन ट्यूनिंग एक-दोन पायऱ्या आणखी सरकवा. उत्तम चित्र आणि उत्तम आवाज नेमके एकाच जागी मिळतीलच असं नाही. तरीही आवाज नसेल तर पेटी दुसऱ्या देशाच्या पद्धतीची असू शकते. आपल्याकडे आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो, काही देशांत ४.५ किंवा ६.५वर. मग टीव्हीतून आवाज कधीच येणार नाही, तो पेटीच्या ऑडिओ सॉकेटमधून छोट्या स्पीकरवर घ्यावा लागेल. चित्र कृष्णधवल असेल तर मेनूत रंगपद्धती PAL वर आहे का पाहा.

दोन काळे पट्टे

आठ नंबरवर चित्र लागलं तेव्हा त्यावर दोन रुंद, आडवे, गडद पट्टे दिसत होते आणि ते फार हळू वर सरकत होते. हे पट्टे मोजले की दोष कुठे आहे ते कळतं. पडदा सेकंदाला पन्नास वेळा रंगवला जातो. अडॅप्टर विजेच्या दोन्ही अर्ध्या लहरी वापरतो, म्हणून त्यातली लाट सेकंदाला शंभर वेळा येते. प्रत्येक पडद्यावर दोन लाटा, म्हणून दोन पट्टे. अडॅप्टरमधला कपॅसिटर सुकला की ही लाट मोठी होते, तिचा तळ सात व्होल्टच्या खाली जातो आणि रेग्युलेटर तेवढ्या क्षणापुरता पाच व्होल्ट देऊ शकत नाही. मीटरवर या पेटीत पाचऐवजी ४.६ ते ४.७ च्या मध्ये हलणारा आकडा आला. एकच पट्टा दिसला असता तर अडॅप्टरमधला एखादा डायोड तुटून अर्धीच लहर वापरली जातेय असा अर्थ निघाला असता.

अडॅप्टर उघडून कपॅसिटर बदलता येतो, पण आत २३० व्होल्टची बाजू आहे आणि खोकं परत नीट चिकटत नाही. नवा नऊ व्होल्ट, एक अँपिअरचा रेग्युलेटेड अडॅप्टर घेणं शहाणपणाचं. त्याची पिन आतून धन असते आणि या पेटीला ऋण हवी होती, म्हणून त्याची वायर पिनपासून वीतभर अंतरावर कापून दोन तारा उलटसुलट जोडल्या, सोल्डर केल्या आणि प्रत्येकीवर वेगळी स्लीव्ह चढवली. पेटीला लावण्याआधी मीटरवर पुन्हा उणे ९ पाहिलं. पट्टे गेले. नव्या अडॅप्टरवर मार्करने ‘फक्त गेमसाठी, आत ऋण’ लिहून ठेवा, नाहीतर घरातलं कुणीतरी तो राउटरला लावेल. काकांचा अडॅप्टर खोक्यातच ठेवा, वापरू नका.

गेमच्या रिमोटचा नियम सोपा आहे. एखादंच बटण लागत नसेल तर उघडून त्याखालच्या रबराचा काळा तळ आणि पट्टीवरचा काळा ठिपका अल्कोहोलने हलके पुसा. सगळी बटणं एकदम गेली असतील तर रबराला दोष नाही, आतल्या पाच तारांपैकी एक तुटलेली असते, बहुतेक वेळा प्लगपासून चार बोटांच्या आत.

एक गोष्ट मुलाला आधीच सांगावी. अशा बहुतेक कॅसेटमध्ये बॅटरी नसते, त्यामुळे काकांचे स्कोअर आत कुठेही उरलेले नाहीत. स्विच बंद केला की ते त्याच वेळी गेले. शोधत बसू नये.

बंदूक

हा सगळा खटाटोप ट्यूबच्या टीव्हीवरच का, याचं सगळ्यात ठोस कारण बंदूक आहे. तिच्यातून काही सुटत नाही, तीच प्रकाश पाहते. १९८४च्या डक हंटमध्ये घोडा दाबला की पडदा एका फ्रेमपुरता काळा होतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तर नेम लागला. उजेडाआधी अंधारही तपासला जातो, म्हणून पेटत्या बल्बवर रोखून गुण मिळत नाहीत. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पन्नासावा हिस्सा, आणि हे सगळं अशा एक-दोन फ्रेममध्ये घडतं. नवा एलसीडी टीव्ही चित्र प्रक्रिया करून काही फ्रेम उशिरा दाखवतो, तोवर गेमने उत्तर नोंदवून टाकलेलं असतं. शिवाय मूळ बंदूक ट्यूबवर सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त वेळा रेषा ओढल्या जाताना होणारी लुकलुक ओळखते, आणि एलसीडीत ती नसतेच.

बंदूक लागत नसेल तर आधी नळीच्या आतली भिंग-काच कोरड्या बडने पुसा, तिच्यावर धुळीचा थर बसलेला असतो. टीव्हीचा ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. जुनी ट्यूब मंद झालेली असते आणि पांढरा चौकोन बंदुकीला पुरेसा उजळ वाटत नाही. काचेवर पडणारं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काढा. मग पडद्यापासून हातभर अंतरावरून नेम धरून पाहा. जवळून लागतं आणि लांबून नाही, तर उजेड कमी पडतोय. जवळूनही लागत नाही पण घोडा दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, तर वायर आणि घोडा ठीक आहेत, दोष प्रकाश टिपणाऱ्या डायोडमध्ये आहे. पडदा काळाच होत नाही, तर घोड्याखालचा स्विच साफ करायचा, आणि तेवढ्याने झालं नाही तर तारा बीपवर तपासायच्या. खेळून झालं की वाढवलेला ब्राइटनेस परत खाली आणा, मेनूचं स्थिर चित्र तासन्‌तास तसंच ठेवलं तर त्याचा ठसा ट्यूबवर कायमचा उमटतो.